साहेब विचारतात, ‘आमच्याकडून काय पाहिजे?’

*ताई, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका नमकीनच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. दर तिमाहीला डायरेक्टर, फायनान्स हेड आणि सेल्स हेडसमोर पंधरा मिनिटं अपडेट द्यावं लागतं. यंदा एप्रिल ते जून असं महिन्यामहिन्यानं सांगत गेलो. मे महिन्यात पोचलो तर डायरेक्टर साहेब म्हणाले, “हे सगळं ठीक आहे भाऊ, पण तुम्ही आमच्याकडून काय मागून राहिले?” मला पटकन उत्तरच देता आलं नाही. येत्या सोमवारी पुन्हा बोलावलं आहे. एक मित्र म्हणतो सरळ समस्या आणि उपाय मांड. दुसरा म्हणतो, साहेबांना पर्यायांचा तक्ता आवडतो. मला वाटते, काय कधी झालं ते ओळीनं सांगितलं नाही तर त्यांना समजणार कसं? माझी टिपणं सोबत जोडली आहेत. — एक वाचक, नागपूर*

भाऊ, सोमवारी समस्या आणि उपाय अशीच मांडणी करा. घटनाक्रम लागेल, पण तीन ओळींपुरता. तक्ताही लागेल, पण तुमचा मित्र सांगतो त्या ठिकाणी नाही. हे असं का, ते तुमच्याच टिपणांवरून दाखवते. टिपणं चांगली आहेत, त्यांत सगळं आहे. फक्त साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटून दुसऱ्या पानावर, एका वाक्यात, कंसात पडलेलं आहे: “संध्याकाळी बिलिंगला कोणी मिळालं तर गाड्या रात्रीच निघतील.”

हेच तुमचं मागणं आहे. कुठलीही मांडणी निवडण्याआधी हे वाक्य कागदावर लिहून काढायचं आणि त्यातलं क्रियापद बघायचं. वरिष्ठांनी तुमचं ऐकून झाल्यावर काय करावं? मंजुरी द्यावी, निवड करावी, की घडलेल्या गोष्टीत चूक कुणाची आणि कुठे हे ठरवावं? मंजुरी हवी असेल तर समस्या आणि उपाय. त्यांनीच दोन-तीन पर्यायांतून निवडायचं असेल तर तुलना. आणि कोणत्या क्षणी कुणाला काय माहीत होतं यावरच निर्णय टांगलेला असेल, तर घटनाक्रम. तुमचं क्रियापद आहे ‘मंजूर करा’.

आता तुमची ओळीनं सांगण्याची ओढ. ती मला समजते, कारण तुम्ही ती तिमाही त्याच ओळीनं भोगली आहे. पण ऐकणाऱ्याला ती तशी भोगायची नसते. पंधरा मिनिटांच्या बैठकीत महिन्यामहिन्यानं सांगण्याचा पहिला तोटा म्हणजे मुद्दा शेवटी येतो, आणि साहेब मधेच थांबवतात. दुसरा तोटा त्याहून वाईट आहे, तो तुमच्या टिपणांत स्पष्ट दिसतो. तुमच्या क्रमात पहिली मोठी घटना आहे 15 एप्रिलची: दोन ट्रान्सपोर्टरपैकी एक बदलला. मग 6 मे: उन्हामुळे दुपारी 12 ते 4 लोडिंग बंद. मग 2 जून: बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं. आणि या सगळ्यानंतर ‘उशीर वाढला’. असं ओळीनं ऐकलं की माणसाचं मन आपोआप पहिल्या घटनेला धरतं. तुम्ही एका शब्दानंही म्हटलं नाही, तरी सेल्स हेडच्या डोक्यात नवीन ट्रान्सपोर्टर गुन्हेगार ठरला. त्यांनी बैठकीत तसं म्हटल्याचं तुम्हीच समासात टिपलं आहे. घटनाक्रम कारण सिद्ध करत नाही, तो फक्त कारणाचा भास देतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या घटनेकडे बोट दाखवतो.

क्रम खरंच हवा आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक घटना वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्यांची जागा बदलून बघा. जागा बदलल्यावर निष्कर्ष बदलत नसेल, तर ती घटना क्रमात सांगण्याची गरज नाही. मी तुमच्या अकरा घटनांचं तसं केलं. दोन नव्या हमालांची भरती, गोदामाचं छत दुरुस्त होणं, काट्याचं कॅलिब्रेशन, एका वितरकाचा पत्ता बदलणं, हे सगळं एप्रिलमध्ये झालं काय आणि जूनमध्ये झालं काय, गाडी उशिरा पोचण्याशी त्याचा संबंध नाही. ही कामं तुम्ही केली आणि ती दिसावीत असं वाटणं साहजिक आहे. ती वेगळ्या पानावर, ‘तिमाहीतली इतर कामं’ म्हणून बैठकीआधीच पाठवून द्या. क्रम महत्त्वाचा ठरतो तो तीनच घटनांचा, वर सांगितलेल्या. तेवढ्या तीन ओळी ठेवा, कारण त्यांतून एक गोष्ट सिद्ध होते: 15 एप्रिल ते 5 मे या तीन आठवड्यांत नवीन ट्रान्सपोर्टर कामावर होता, तरी उशीर वाढलेला नव्हता. तो वाढला 6 मेनंतर, आणि 2 जूनच्या आधीच. म्हणजे सॉफ्टवेअरही सुटलं.

आता समस्या लिहू. इथेच बहुतेक लोक घसरतात, कारण ते परिणामालाच समस्या म्हणतात. ‘माल उशिरा पोचतो’ हा परिणाम आहे. तो समस्या म्हणून मांडला की समोरचा प्रत्येक जण आपापला उपाय सुचवायला लागतो. एक म्हणेल ट्रान्सपोर्टर बदला, एक म्हणेल दंड लावा, एक म्हणेल गाड्या वाढवा. पंधरा मिनिटं त्यातच जातात. समस्या इतकी नेमकी लिहायची की तिला दोन-तीनच उपाय शिल्लक राहावेत.

तुमच्या गेट रजिस्टरवरून काय दिसतं बघा. आधी तुमच्या पहिल्या स्लाइडवरचा आकडा, “तिमाहीत 81 टक्के गाड्या वेळेत.” हा खरा आहे. 490 गाड्यांपैकी 94 उशिरा. पण हा सरासरीचा आकडा दोन वेगवेगळ्या काळांना एकत्र घोळतो. 6 मेच्या आधी 150 गाड्या गेल्या आणि 13 उशिरा पोचल्या, म्हणजे 91 टक्के वेळेत. 6 मेपासून 30 जूनपर्यंत 340 गेल्या आणि 81 उशिरा, म्हणजे 76 टक्के वेळेत. साहेबांना 81 ऐकून फार काही वाटलं नसेल. 91 वरून 76 ऐकलं असतं तर खुर्चीत सरळ बसले असते.

मग या 340 गाड्या फोडून बघितल्या. दुपारी 12 च्या आत भरलेल्या 140, त्यांत उशिरा 11. संध्याकाळी भरलेल्या 200, त्यांत उशिरा 70. सकाळी शंभरात 8, संध्याकाळी शंभरात 35. कारण इथे आहे. आणि या 200 गाड्या ट्रान्सपोर्टरप्रमाणे फोडल्या तर जुन्याच्या 98 पैकी 34 उशिरा, नव्याच्या 102 पैकी 36. दोघांत काडीचा फरक नाही. सेल्स हेडच्या आक्षेपाला हे एवढं एक वाक्य पुरतं. तुम्ही वादात न पडता फक्त हे दोन आकडे शेजारी ठेवायचे.

संध्याकाळच्या गाडीचं होतं काय? लोडिंग 4 ला सुरू होऊन रात्री 9 ला संपतं. बिलिंगची खिडकी 6 ला बंद होते. बिल नाही म्हणून मालासोबत लागणारं सरकारी ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही म्हणून गाडी गेटच्या आतच उभी. सकाळी साडेनऊला बिल निघतं, साडेदहाला गाडी हलते. वर्धा-भंडाऱ्याच्या गाड्या तरीही दुपारपर्यंत पोचतात, म्हणून त्या तुमच्या 48 तासांच्या हिशोबात वेळेत बसतात. पण गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ हे सगळं साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून लांब, वाटेत दोन-तीन ठिकाणी माल उतरवायचा. गाडी पोचेस्तोवर वितरकाचं गोदाम बंद, हमाल घरी गेलेले. गाडी रात्रभर उभी आणि माल तिसऱ्या दिवशी सकाळी उतरतो. उन्हाळ्याआधी हीच गाडी संध्याकाळी निघून रात्रभर चालायची आणि गोदाम उघडायच्या वेळेला दारात असायची.

तेव्हा समस्येचं वाक्य असं होतं: “उन्हामुळे लोडिंग रात्री 9 पर्यंत सरकलं, पण बिलिंग 6 लाच बंद होतं. त्या तीन तासांच्या अंतरामुळे भरलेल्या गाड्या रात्रभर आवारात उभ्या राहतात.” या वाक्यात कुणावर आरोप नाही, हे मला आवडतं. 45 अंशाच्या उन्हात दुपारी हमालांना ट्रकवर चढवायचं नाही हा निर्णय बरोबरच होता. फक्त त्याच्यासोबत दुसरा एक निर्णय व्हायला हवा होता, तो झाला नाही.

या वाक्यानंतर खर्च सांगा, पण जेवढा हातात आहे तेवढाच. वितरकाच्या दारात रात्रभर थांबलेल्या गाडीला तुम्ही 1,200 रुपये हॉल्टिंग देता, त्याची व्हाउचरं आहेत. 70 गाड्यांचे 84,000 रुपये. “विक्रीचं नुकसान झालं” असं तुम्ही म्हणू नका, तो आकडा तुमच्याकडे नाही. सेल्स हेडला वाटलं तर ते स्वतः सांगतील, आणि त्यांच्या तोंडून ते जास्त वजनदार वाटेल.

उपायाचं गणित मांडतानाही एक काळजी घ्या. संध्याकाळी चार तासांसाठी बिलिंगला माणूस ठेवला तर आठ आठवड्यांचा खर्च, रात्री घरी सोडण्याच्या सोयीसकट, तुम्ही 38,000 काढला आहे. पुढे तुम्ही लिहिलं, “84,000 वाचतील.” नाही वाचणार. सकाळच्या गाड्यांतही शंभरात 8 उशिरा पोचतात. टायर फुटतो, वितरक फोन उचलत नाही, हे चालूच राहतं. म्हणजे संध्याकाळच्या 200 पैकी साधारण 16 तरीही उशिरा पोचतील. वाचतील त्या 54 गाड्या, म्हणजे 64,800 रुपये. फायनान्स हेड हा हिशोब डोक्यातल्या डोक्यात करतील आणि तुम्ही 84,000 म्हणालात तर पुढचा प्रत्येक आकडा चाळणीतून काढतील. 64,800 विरुद्ध 38,000 हेसुद्धा पुरेसं आहे.

आता पर्यायांचा तक्ता. तुमच्या मित्राला वाटतं की तीन पर्याय शेजारी मांडले की वरिष्ठांना आपण विचार केलेला दिसतो. टिपणांत तुम्ही तीन लिहिलेही आहेत: संध्याकाळी बिलिंग, पहाटे 5 पासून लोडिंग, आणि लोडिंग संपायच्या आधीच, संध्याकाळी 6 च्या आत बिलं काढून ठेवणं. पण जरा नीट बघा. पहाटे लोडिंग केलं तरी बिल साडेनऊलाच निघणार आणि गाडी साडेदहालाच हलणार, म्हणजे फायदा शून्य. आधी बिल काढून ठेवलं तर गाडी भरताना चार खोकी कमी पडली की बिल आणि माल जुळत नाही. ई-वे बिल 24 तासांच्या आत रद्द करता येतं हे खरं, पण रद्द करून नवीन काढायला रात्री खिडकीवर कोण आहे? पुन्हा तिथेच आलो. म्हणजे तिनांतले दोन पर्याय उभेच राहत नाहीत. अशा वेळी तक्ता मांडणं म्हणजे साखरपुडा झालेल्या मुलासाठी स्थळं बघायला बसणं आहे. वरिष्ठ माणसाला हे लगेच कळतं आणि मग तो तुमच्याच पर्यायात खोट शोधायला लागतो. तुलना करायची ती किमान दोन पर्याय असे असतील तेव्हाच, ज्यांतला कोणताही त्यांनी उचलला तरी तुम्ही सोमवारपासून कामाला लागू शकता.

ते दोन बाद पर्याय मात्र फेकू नका. “पहाटे का नाही भरत?” हे कुणीतरी विचारणारच. त्यांची एकेक ओळ तयार ठेवा आणि विचारलं तरच बोला.

खरी तुलना एक पायरी खाली आहे. संध्याकाळी बिलिंग सुरू ठेवायचं हे मान्य झालं, की प्रश्न येतो, माणूस कोणता? नवीन अर्धवेळ माणूस घ्यायचा, की आत्ताच्या दोघांपैकी एकाची वेळ दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ करायची आणि पाळी फिरवत ठेवायची? इथे दोन्ही जमण्यासारखे आहेत, आणि कुठला बरा हे तुम्हाला एकट्याला ठरवता येत नाही, कारण भरतीवर निर्बंध आहे का, बिलिंगच्या माणसांवर महिनाअखेरीला आणखी काय पडणार आहे, हे फायनान्स हेडला माहीत आहे, तुम्हाला नाही. निवडीसाठी लागणारी माहिती ऐकणाऱ्याकडे असली, की तुलना ही योग्य मांडणी ठरते.

ती करताना आधी निकष लिहा, मग पर्याय. उलट केलं तर आपल्या आवडत्या पर्यायाला साजेसे निकष आपसूक सुचतात. तुमच्यासाठी चार पुरेत: आठ आठवड्यांचा जादा खर्च, सुरू करायला लागणारे दिवस, माणूस रजेवर गेला तर काय, आणि सकाळच्या खिडकीवर काय परिणाम. बोलताना एक पर्याय पूर्ण सांगून मग दुसरा पूर्ण सांगू नका. दुसरा येईपर्यंत पहिला विसरलेला असतो. एकेक निकष घ्या आणि दोन्ही पर्याय त्यावर तोला. खर्च: नवीन माणसाचे 38,000, पाळी फिरवली तर फक्त घरी सोडण्याचे 6,000. सुरुवात: नवीन माणसाला सॉफ्टवेअर शिकवायला तीन आठवडे, जुन्यांना दुसऱ्या दिवसापासून. रजा: नवीन माणूस एकटा, तो आला नाही की त्या रात्रीच्या गाड्या अडकल्या, पाळीत दुसरा येऊ शकतो. सकाळची खिडकी: नवीन माणूस घेतला तर काही फरक नाही, पाळी लावली तर साडेनऊ ते साडेबारा एकच जण, आणि सकाळी भरलेल्या गाड्यांची बिलं नेमकी तेव्हाच निघतात.

इथे पहिले तीन निकष पाळीच्या बाजूचे आणि चौथा विरुद्ध. तीनाविरुद्ध एक म्हणून पाळी जिंकली असं मोजायचं नसतं. चौथ्या निकषामुळे सकाळच्या 140 गाड्याही उशिरा निघायला लागल्या तर सगळाच डाव उलटा पडेल. म्हणून तुमची शिफारस काय ते ठरवा आणि तक्त्याच्या वर लिहा, खाली नाही. मला विचाराल तर पाळी लावा आणि सकाळच्या तीन तासांसाठी डिस्पॅचमधल्या तुमच्याच एका माणसाला बिलिंग शिकवा. पण तुमच्याकडे असा माणूस सुटा आहे का, हे टिपणांवरून मला दिसत नाही.

एक अडचण तुमच्या कुठल्याच पानावर नाही, आणि सोमवारी पहिला प्रश्न तोच असणार आहे. आता जुलै आहे. ऊन गेलं, दुपारचं लोडिंग पुन्हा सुरू झालं. साहेब म्हणतील, “मंग आता काऊन पाहिजे माणूस?” समस्या आणि उपाय या मांडणीची ही मर्यादा आहे. समस्या आज अंगावर नसेल तर उपायाला कुणी हात लावत नाही. तुमच्या मागण्याला तारखा हव्यात. तुम्हीच लिहिलं आहे की दिवाळीच्या मालासाठी सणाआधीचे आठ आठवडे संध्याकाळीही लोडिंग चालतं. म्हणजे बिलिंग 6 ला बंद होण्याचा फटका तेव्हाही बसणार, आणि तो सीझनला. तेव्हा मागणं ‘कायमचा माणूस’ असं नको, ‘दिवाळीआधीचे आठ आठवडे आणि पुढच्या उन्हाळ्याचे आठ आठवडे’ असं ठेवा. मागच्या दिवाळीचं गेट रजिस्टर काढून संध्याकाळच्या गाड्या किती उशिरा पोचल्या ते शनिवारपर्यंत मोजा. आकडा उन्हाळ्यासारखा निघाला तर तुमचं काम झालं. नाही निघाला, तर फक्त उन्हाळ्यापुरतं मागा, ओढूनताणून दिवाळी जोडू नका.

हे सगळं धरून पहिलं पान मी असं लिहिलं असतं:

“संध्याकाळचं बिलिंग रात्री साडेनऊपर्यंत सुरू ठेवायला मंजुरी हवी आहे: दिवाळीआधीचे आठ आठवडे आणि पुढच्या उन्हाळ्याचे आठ आठवडे.

6 मेपासून वेळेत पोचणाऱ्या गाड्या 91 वरून 76 टक्क्यांवर आल्या. उन्हामुळे लोडिंग रात्री 9 पर्यंत सरकलं, बिलिंग मात्र 6 ला बंद होतं, त्यामुळे भरलेल्या गाड्या रात्रभर आवारात थांबतात. सकाळी भरलेल्यांत शंभरात 8 उशिरा, संध्याकाळी भरलेल्यांत 35. दोन्ही ट्रान्सपोर्टरचं प्रमाण सारखंच आहे.

आठ आठवड्यांत हॉल्टिंगचे सुमारे 64,800 रुपये वाचतील. खर्च 6,000 ते 38,000, माणूस कोणता यावर अवलंबून. तो निर्णय आज हवा. दोन पर्याय मागच्या पानावर.”

हे वाचायला मिनिटभर लागतं. साहेबांनी इथेच थांबवलं तरी त्यांना काय करायचं आहे ते कळलेलं असतं. दुसरं पान म्हणजे तीन तारखांच्या ओळी आणि गाड्या फोडून दाखवणारे आकडे. तिसरं पान माणसाची तुलना. चौथं नको.

एक काम शुक्रवारीच उरकून घ्या. सेल्स हेडला भेटा आणि 98 पैकी 34, 102 पैकी 36 हे त्यांना एकट्यात दाखवा. ट्रान्सपोर्टरवर ते बैठकीत चारचौघांसमोर बोलून बसले आहेत. तिथेच तुम्ही त्यांना खोटं पाडलं तर आकडे कितीही बरोबर असोत, ते ऐकणार नाहीत. कँटीनमध्ये तर्री-पोह्यावर दाखवले तर सोमवारी तेच म्हणतील की ट्रान्सपोर्टरचा प्रश्न नाही दिसत. समस्या कोणती यावर आधीच एकमत असेल तेव्हाच ही मांडणी सुरळीत चालते. एकमत नसेल तर पंधरातली दहा मिनिटं पहिल्याच वाक्यावर जातात.

तुमचा प्रसंग वेगळा असता तर माझं उत्तरही वेगळं असतं. समजा एखादी गाडी रात्री उलटली, माल गेला आणि विमा कंपनीला काय सांगायचं हे ठरवायला बैठक असती, तर मी म्हटलं असतं, ओळीनंच सांगा, तारीख नाही तर तासमिनिटं लावून सांगा आणि मधे मत घालू नका. पुढच्या वर्षी ट्रान्सपोर्टरचं कंत्राट कुणाला द्यायचं हा विषय असता, तर पहिल्या पानापासून तुलना. एकाच खात्याचं काम, पण मागणं बदललं की मांडणी बदलते. म्हणून मागच्या तिमाहीची स्लाइड उघडून त्यातच नवे आकडे भरायची सवय सोडा, जुनी मांडणी तिथून आपसूक येते.

आणि उद्यापासून गेट रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा: लोडिंग संपल्याची वेळ आणि बिल हातात आल्याची वेळ. आत्ता तुम्हाला हे अंतर हमालांच्या हजेरीवरून आणि बिलांवरच्या वेळेवरून जुळवावं लागलं. मंजुरी मिळाली तर ऑक्टोबरच्या मध्याला साहेब विचारतील, फरक पडला का. तेव्हा उत्तर या दोन रकान्यांतून काढता येईल.